मित्रांच्या गटातले खासगी विनोद: ते रुजतात कसे, विझतात का आणि नव्या माणसाला परके का वाटते?

मेघना_व

नमस्कार. महाविद्यालय संपल्यानंतरही नागपुरातच राहिलेले आम्ही काही मित्रमैत्रिणी दर रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला भेटतो आणि उरलेला आठवडा व्हॉट्सॲपच्या गटावर बोलत असतो. या गटात 'शिटी' हा शब्द इतका रुळला आहे की तो आला नाही असा दिवस क्वचितच जातो. त्याचा उगम असा. भर पावसातल्या एका रविवारी सगळे ठेल्यावर जमले होते आणि एक मित्र तेवढा यायचा होता. विचारणा केल्यावर त्याने आवाजी संदेश पाठवला की, "शंकरनगर चौकात सिग्नलला उभा आहे, पाच मिनिटांत पोहोचतो", आणि त्या संदेशाच्या शेवटी कुकरची शिटी अगदी स्वच्छ ऐकू आली. तेव्हापासून आमच्याकडे "शिटी झाली का?" म्हणजे "खरोखर निघालास का?", "तीन शिट्या" म्हणजे अजून बराच वेळ आहे, आणि "वरण शिजते आहे" म्हणजे समोरचा थाप मारतो आहे.

काही महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्या एका सहकारी मैत्रिणीला आम्ही गटात घेतले. पोह्यांच्या ठेल्यावर ती भरभरून बोलते, पण गटावर सुरुवातीचे काही दिवस सोडले तर ती जवळजवळ गप्पच असते. आम्ही तिला शिटीची सगळी कथा सांगितली, ती हसलीही, तरी फरक पडला नाही. असे विनोद नेमके कशामुळे रुजतात, त्यातले काही सगळ्यांना आठवत असूनही का विझतात, आणि उगम सांगूनही नवा माणूस बाहेरच का राहतो, याविषयी आपले अनुभव वाचायला आवडतील.

तर्री_जास्त

शंकरनगर चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या शेजारच्या गाडीत कुकर असू शकतो. आरोपीला संशयाचा फायदा मिळायला हवा.

काळे_काका

विषय चांगला काढलात. आमच्या कुटुंबाच्या गटावर तर विनोदांचा नुसता पूर येतो. तोच विनोद सकाळी अमरावतीचे साडू पाठवतात, दुपारी पुण्याची भाची पाठवते आणि रात्री आमचे बंधू "हा नवीन आहे" असे लिहून पुन्हा पाठवतात. यावर उपाय म्हणून मी शुभसकाळ आणि विनोद यांच्यासाठी वेगळा गट काढला. त्या गटात आता मी एकटाच संदेश टाकतो.

मेघना_व

काका, आपला प्रश्न गंभीर आहे, पण तो बाहेरून आलेल्या विनोदांचा आहे. मी विचारते आहे ते गटातच जन्मलेल्या आणि बाहेर कोणालाही न कळणाऱ्या विनोदांविषयी.

वसुधा_स

समाजशास्त्र शिकवत असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. गॅरी ॲलन फाइन या अमेरिकन अभ्यासकाने शाळकरी मुलांच्या बेसबॉल संघांचे जवळून निरीक्षण केले आणि 1979 साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक संघाची टोपणनावे, चिडवण्याचे शब्द आणि विनोद वेगळे होते. दिवसभरात विनोदी म्हणाव्यात अशा अनेक गोष्टी घडत असताना त्यातली एखादीच का टिकते, हाच त्याचा प्रश्न होता. त्याच्या उत्तराला मेघनाताईंची शिटी लावून पाहू.

पहिली अट अशी की विनोदाचा कच्चा माल सगळ्यांना आधीच परिचित हवा, आणि कुकरची शिटी कोणाच्या घरात होत नाही? दुसरी अट, तो शब्द गटात मोकळेपणाने उच्चारता आला पाहिजे. मोबाइल आईच्या हातात पडला तरी शिटीने काही बिघडत नाही. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्या शब्दाने गटाचे काहीतरी काम केले पाहिजे. तुमच्याकडे दर रविवारी कोणीतरी उशिरा येत असणार आणि त्याला सरळ "खोटे बोलू नकोस" असे म्हणणे कोणालाच जमत नसणार. शिटीने ती सोय केली. चौथी अट मानापमानाची आहे: गटात ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना तो विनोद खपला पाहिजे. आणि पाचवी म्हणजे ठिणगी टाकणारी घटना, जी सगळे तेवढीच लक्षात ठेवतात, कारण सांगायला तीच मजेदार असते.

माझे स्वतःचे मत असे की घटना घडते तेव्हा विनोद जन्मत नाही, तो दुसऱ्या वेळी जन्मतो. त्या रविवारी सगळे हसले असतील, पण नंतर पहिल्यांदा 'शिटी' कोणी आणि कशावरून म्हटले, हे आठवते का?

मेघना_व

शोधून पाहिले. त्याच आठवड्यात आमचा दुसरा एक मित्र वाढदिवसाच्या वर्गणीचे पैसे "पाठवतोच आहे, पाठवतोच आहे" असे लिहीत होता. त्यावर मूळ आरोपीनेच लिहिले, "मागे शिटी ऐकू येते आहे." तिथून सगळे सुटले.

वसुधा_स

हेच जाणून घ्यायचे होते. ज्याची फजिती झाली त्यानेच तो शब्द दुसऱ्यावर टाकला, त्यामुळे शिटी ही त्या एका माणसाची खोड न राहता सगळ्यांनाच लागू पडणारी गोष्ट झाली. शिवाय ती पोह्यांवरून वर्गणीवर गेली, म्हणजे ती ताणली जाऊ शकते हेही तेव्हाच सिद्ध झाले.

शांत_वाचक

सहसा वाचनमात्र असतो, पण चौथ्या अटीविषयी लिहावेसे वाटले. मी शिकायला नागपूरला आलो तो गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावातून. पहिल्या वर्षी वर्गापुढे बोलताना एका इंग्रजी शब्दाचा उच्चार मी चुकीचा केला. वसतिगृहाच्या गटावर तो उच्चार हीच माझी ओळख झाली आणि मीही हसणारा चेहरा टाकत राहिलो, कारण न हसणे अधिक महाग पडले असते. मी काही गंभीर लिहिले, अगदी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी रक्तदाते हवे आहेत असे लिहिले तेव्हाही पहिला प्रतिसाद तोच शब्द होता. पुढे मोबाइल बदलल्याचे निमित्त करून त्या गटातून बाहेर पडलो. ज्याच्यावर विनोद आहे तो हसतो आहे, एवढ्यावरून त्याला तो खपला असे कृपया कोणी समजू नये.

वसुधा_स

आपले म्हणणे मान्य आहे. फाइनच्या चौकटीचीही ही मर्यादा म्हणता येईल, कारण त्याच्या मते ज्याचे वजन अधिक त्याला खपणे पुरेसे आहे आणि ज्याचे वजन कमी त्याच्यावरचा विनोद टिकायला मुळीच अडचण येत नाही. मी विचारले असते की तो शब्द कधी दुसऱ्या कोणावर फिरला का.

शांत_वाचक

कधीच नाही. तो शेवटपर्यंत माझाच राहिला.

टेक_भाऊ

आपण सगळे उगाच खोलात शिरत आहोत, अडचण तांत्रिक आहे. व्हॉट्सॲपच्या गटात नवा सदस्य आला की त्याला आधीचे संदेश आपोआप दिसत नाहीत. टेलिग्रामवर जुना इतिहास नव्या सदस्यांना खुला ठेवण्याची सोय आहे. त्यात 2020 च्या अखेरीस व्हॉट्सॲपने सात दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश आणले आणि 2021 मध्ये 24 तास आणि 90 दिवस असे आणखी पर्याय दिले. संदेशच उरले नाहीत तर विनोद कसा उरणार? मेघनाताई, गटाचा सगळा संवाद निर्यात करून त्या मैत्रिणीला फाइल पाठवा. एका रात्रीत ती सगळ्यांच्या बरोबरीला येईल.

अनघा_नवीसून

कोणी मला अशी फाइल पाठवली असती तर मी दुसऱ्या दिवशी माहेरी निघून गेले असते.

वसुधा_स

टेक_भाऊ, सोयींविषयीची आपली माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. याविषयी एक सुंदर प्रयोग आहे. हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्ज यांनी 1986 साली दोन-दोन माणसांना एकमेकांना न दिसता बसवले. दोघांपुढे तुकडे जोडून केलेल्या विचित्र आकृत्यांची तीच 12 चित्रे होती आणि एकाने वर्णन करून दुसऱ्याकडून ती ठरावीक क्रमाने लावून घ्यायची होती. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी, "हा बर्फावर घसरत चाललेला माणूस वाटतो, फक्त त्याने दोन्ही हात पुढे काढले आहेत", अशी लांबण लागे. तीच चित्रे पुन्हा पुन्हा लावताना वर्णन आखडत गेले आणि अखेरच्या फेऱ्यांमध्ये दोन शब्दांत काम भागू लागले. आपली शिटी अशीच आखडलेली आहे. आता तर कोणी पूर्ण शब्दही लिहीत नसेल.

पुढे 1989 मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी याच खेळात एक तिसरा माणूस बसवला, ज्याला सगळा संवाद ऐकू येत होता, पण बोलण्याची मुभा नव्हती. एकही शब्द न चुकवता ऐकूनसुद्धा त्याला प्रत्यक्ष बोलणाऱ्या जोडीदाराइतक्या आकृत्या बरोबर लावता आल्या नाहीत. कारण असे की बोलणारे दोघे एकमेकांना समजेपर्यंत थांबतात, "म्हणजे तो हात वर केलेला का?" असे विचारतात, तिसऱ्याला कुठे समजले नाही याची दखल घ्यायला कोणी नसते. तुमची फाइल त्या मैत्रिणीला नेमके त्या तिसऱ्या खुर्चीवर बसवेल. तिला सगळे ऐकू येईल, पण तिच्यासाठी कोणीच थांबलेले नसेल.

टेक_भाऊ

प्रयोग रोचक आहे, पण त्या तिसऱ्या माणसालाही काही आकृत्या तरी लावता आल्याच असतील ना? म्हणजे फाइलचा अजिबात उपयोग नाही असे होत नाही.

वसुधा_स

अर्थ कळण्यापुरता उपयोग होईल, हे मान्य. मेघनाताईंच्या मैत्रिणीलाही अर्थ कळलेलाच आहे. तो कळूनही ती गप्प का, हा प्रश्न आहे.

गोंदियाकर

विझण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून ती बाजू मांडतो. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे म्हणजे पुतळे निघतात, त्यांच्यावरचे फलक आठवा. त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर किंवा एखाद्या पुढाऱ्यावर त्यात असा नेम साधलेला असतो की महाल भागातल्या गर्दीत माणसे पोट धरून हसतात. पण मागच्या वर्षीचा बडगा यंदा कोणी काढत नाही, कारण ज्या संतापावर तो उभा होता तो आता राहिलेला नसतो.

आमच्या गटात एक मित्र "पोहोचलो, खाली उभा आहे" असे लिहून प्रत्यक्षात घरातच असायचा, म्हणून "खाली उभा" हा आमचा परवलीचा शब्द होता. थोडक्यात, तुमच्या शिटीचा चुलतभाऊच. तो तीन टप्प्यांत मेला. व्हॉट्सॲपवर 2017 च्या अखेरीस चालू ठिकाण दाखवण्याची सोय आली आणि आम्ही त्याच्याकडून तीच मागू लागलो. थाप पकडण्याचे काम यंत्र करू लागल्यावर त्या शब्दाला काही काम उरले नाही. मग पुढच्या वर्षी स्टिकर आले आणि कोणीतरी त्याच्या फोटोवर "खाली उभा" असे लिहून स्टिकर केला. आम्हाला वाटले की आता हा विनोद अमर झाला, पण घडले उलटेच. पूर्वी तो शब्द योग्य जागी बसवण्यासाठी संधीची वाट पाहावी लागायची, आता बोट लावले की स्टिकर जायचा. कोणी पगार झाला असे लिहिले तरी "खाली उभा", कोणाला मुलगी झाली तरी "खाली उभा". काही आठवड्यांतच लोक कंटाळले.

तिसरे कारण म्हणजे आमची एक मैत्रीण पुण्याला गेली. विनोद त्या मित्रावर होता, पण योग्य वेळी तो उकरून काढणारी ती होती. ती गेल्यावर शब्द सगळ्यांना आठवत होता, पण काढायचा कोणी हे ठरलेले नव्हते.

तर्री_जास्त

मुलगी झाल्यावर "खाली उभा" हा प्रतिसाद प्रसूतिगृहाच्या संदर्भात बरोबरच होता असे माझे नम्र मत आहे. बाप खालीच उभा असतो.

काळे_काका

आता विषय ध्यानात आला. आमच्या कार्यालयात दुपारी एकत्र डबा खाणाऱ्यांची एक पंगत होती. तिथे नवीन माणूस आला की त्याला वर्षभर काहीही सांगितले जात नसे. आम्ही "सतरा नंबर" म्हणून हसायचो आणि तो बिचारा बघत राहायचा. पण त्यात वाईट काय? सगळे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळले तर जुने कोण आणि नवे कोण? ज्याला टिकायचे असते तो टिकतो. मीही तसाच टिकलो.

शांत_वाचक

काका, जे टिकले नाहीत ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले असतील, म्हणून त्यांची बाजू आपल्यापर्यंत पोहोचली नसेल.

काळे_काका

दोघे गेले होते खरे. पण त्यातल्या एकाला आमच्या सौ.च्या हातची वांग्याची भाजी सोसत नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. "सतरा नंबर" काय होते ते विचारू नका, आता मलाही आठवत नाही.

अनघा_नवीसून

मी लग्नानंतर नवऱ्याच्या मित्रांच्या गटात गेले, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. उगम समजावून सांगणे हा सगळ्यांत अवघड प्रसंग असतो. चालू गप्पा थांबतात, एकजण कथा सुरू करतो, दुसरा "नाही रे, तेव्हा पाऊस नव्हता" म्हणून दुरुस्ती करतो, तिसरा मधला भाग आठवून आधीच हसू लागतो. तो त्यांच्या आठवणींचा सोहळा असतो आणि मी तिथे प्रेक्षक असते, तीही अशी की शेवटी हसण्याची जबाबदारी माझ्यावरच असते.

त्याहून टोचते ती एक वेगळीच गोष्ट. त्यांच्यात 'अंबाझरी' या शब्दामागे काहीतरी जुना प्रसंग होता. मला त्याची कल्पना नव्हती. एका संध्याकाळी मी साधेपणाने लिहिले, "उद्या सकाळी अंबाझरीला फिरायला जाऊ या का?" आणि एका मिनिटात हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणाचा हेतू वाईट नव्हता, पण माझ्या प्रश्नाला उत्तर कोणीच दिले नाही. त्यानंतर प्रत्येक संदेश लिहिताना आपण एखाद्या लपलेल्या शब्दावर पाय तर देत नाही ना, असे वाटू लागले आणि मी लिहिणेच कमी केले. न कळलेल्या विनोदापेक्षा आपल्याच बोलण्याचा नकळत विनोद होणे जास्त जड जाते.

मेघना_व

अनघाताई, आपला प्रतिसाद वाचून मी गटात मागे जाऊन पाहिले. माझ्या मैत्रिणीचा शेवटचा सविस्तर संदेश एका शनिवारचा आहे. तिने घर शोधण्याविषयी चार-पाच ओळी लिहिल्या होत्या, त्रिमूर्तीनगर बरे की बजाजनगर असे विचारले होते आणि शेवटी लिहिले होते, "कुकर लावला आहे, थोड्या वेळाने बोलते." त्याखाली सगळ्यांचे हसरे चेहरे आहेत, दोन "तीन शिट्या" आहेत, आणि घराविषयी एकही उत्तर नाही. शिटीची कथा आम्ही तिला त्यानंतर सांगितली.

तर्री_जास्त

यावर विनोद सुचत नाही. बजाजनगर बरे, असे तिला कळवावे.

टेक_भाऊ

मग माझ्या फाइलने निदान हा अपघात टळला असता, एवढे तरी मान्य करा.

वसुधा_स

हा अपघात टळला असता, हे मान्य करते.

गोंदियाकर

अनघाताई, मग आपण त्या गटात रुळलात की नाही?

अनघा_नवीसून

रुळले, पण अंबाझरीमुळे नव्हे. आम्ही सगळे रामटेकला गेलो होतो. परत येताना गाडी चालवणारा मित्र "मला रस्ता पाठ आहे" असे म्हणून नकाशा न लावता निघाला आणि बऱ्याच वेळाने आम्ही पुन्हा त्याच रसवंतीपुढे येऊन थांबलो. रसवाल्याने न विचारता तेवढेच ग्लास भरायला घेतले. पुढच्या आठवड्यात त्याच मित्राने गटावर कर सल्लागाराविना विवरणपत्र भरणार असे जाहीर केले, तेव्हा मी लिहिले, "तेवढेच ग्लास भरायला सांगू का?" वसुधाताईंनी विचारलेली ती दुसरी वेळ माझी होती. मला कोणी काही समजावले नव्हते, आणि जे त्या सहलीला आले नव्हते त्यांनी पहिल्यांदाच मला विचारले की ही ग्लासांची काय भानगड आहे.

वसुधा_स

माझ्या मते मेघनाताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यात बरेचसे आले. उगम सांगितल्याने माहिती मिळते, पण त्या घटनेचे साक्षीदार असणे आणि तो शब्द स्वतःहून दुसऱ्यावर फिरवण्याचा हक्क असणे, या दोन गोष्टी सांगून देता येत नाहीत. आपल्या मैत्रिणीने आजवर एकदा तरी कोणाला "शिटी झाली का?" असे विचारले आहे का, हे पाहा.

मेघना_व

नाही, कधीच नाही. या रविवारी ती ठेल्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचणार आहे, कारण तिचे नवे घर तिथून जवळ आहे. उशिरा येणाऱ्यांना गटावर विचारण्याचे काम तिच्याकडे सोपवावे असे आम्ही दोघी-तिघींनी ठरवले आहे. मात्र गटातल्या एका मित्राचे म्हणणे वेगळे आहे. त्याच्या मते जुन्यांचा एक गट वेगळा करावा आणि सगळ्यांचा एक वेगळा, म्हणजे कोणालाच अवघडायला होणार नाही.

शांत_वाचक

तसे करू नका असे मला वाटते. सगळे बोलणे जुन्यांच्या गटात जाईल आणि दुसऱ्यात फक्त "रविवारी साडेआठ वाजता" एवढेच उरेल. आणि पहिला गट अस्तित्वात आहे हे तिला कधी ना कधी कळेलच.

गोंदियाकर

मी याच्याशी सहमत नाही. आमच्याकडे दोन गट आहेत आणि त्यामुळेच मोठ्या गटात नवे लोक मोकळेपणाने बोलतात, कारण तिथे आम्ही जुने जुन्यासारखे वागत नाही. फक्त दुसरा गट आहे हे आम्ही लपवलेले नाही.

शांत_वाचक

लपवलेला नसेल, तर त्यांच्यापैकी कोणी त्यात घ्या असे म्हटल्यावर तुम्ही काय उत्तर देता?

गोंदियाकर

आजपर्यंत कोणी म्हटलेले नाही. ते का म्हटले नसेल, हे मात्र मी त्यांना विचारून इथे लिहीन.